चेंडू एकच, पण ग्राफ एडिटरमध्ये त्याची सगळी हाडं मोजून झाली

बाउन्सिंग बॉल म्हणजे अ‍ॅनिमेशन शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्यांदा करायला लावतात ती गोष्ट, त्यामुळे बहुतेक जण तो कसाबसा उरकतात आणि पुढे जातात. मला शोरीलमधल्या एका शॉटसाठी खरोखरच एक चेंडू हवा होता. वरून पडणारा, सात-आठ टप्पे घेणारा आणि मग घरंगळत जाऊन थांबणारा, बाकी फ्रेममध्ये काहीच नाही. फ्रेममध्ये काहीच नसलं की लपायला जागाही नसते, म्हणून ठरवलं की सिम्युलेशन न लावता सगळं हाताने कीफ्रेमवर करायचं आणि कर्व्ह डोळ्यांनी अंदाजपंचे ओढायचे नाहीत. हे सगळं ब्लेंडरमध्ये केलंय, पण मायामध्ये किंवा आफ्टर इफेक्ट्समध्ये करणाऱ्यांनाही बरंचसं लागू पडेल, बटणं फक्त वेगळी.

सुरुवात बहुतेक जण करतात तशीच. वरती एक की, जमिनीवर एक की, परत थोडं खाली वरची की, परत जमीन. प्ले केलं की चेंडू जमिनीजवळ आल्यावर हळू होतो, अलगद टेकतो आणि अलगदच सुटतो, लिफ्टमधून उतरल्यासारखा. कारण साधं आहे. ब्लेंडर नवीन की टाकताना बेझियर कर्व्ह आणि `Auto Clamped` हँडल देतो, आणि या हँडलचा नियम असा की जिथे कर्व्हचा सगळ्यात खालचा किंवा सगळ्यात वरचा बिंदू असेल तिथे हँडल आडवं करून टाकायचं. वरच्या टोकाला ते बरोबरच आहे, चेंडू वर पोचल्यावर क्षणभर थांबतोच. पण जमिनीवर नेमकं उलटं हवं, तिथे चेंडूचा वेग सगळ्यात जास्त असतो आणि दिशा एका क्षणात उलटते. म्हणजे ग्राफमध्ये वर गोलाई पाहिजे आणि खाली टोकदार V. एवढं सगळ्याच ट्युटोरियलमध्ये सांगतात, खालच्या की निवडा, V दाबा, `Free` करा, हँडल वर ओढा. किती वर ओढायचं हे मात्र बहुतेक ठिकाणी "छान दिसेपर्यंत" असंच असतं, आणि सात टप्प्यांत प्रत्येक वेळी छान दिसेपर्यंत ओढत बसलो की प्रत्येक टप्प्याला गुरुत्वाकर्षण वेगळं लागतं.

म्हणून मी उंचीपासून सुरुवातच केली नाही, आधी फ्रेम ठरवल्या. 24 फ्रेम प्रति सेकंदाला पहिलं पडणं 12 फ्रेमचं ठेवलं, म्हणजे अर्धा सेकंद. अर्ध्या सेकंदात कुठलीही वस्तू साधारण 1.226 मीटर पडते, हे शाळेतलं अर्धं g गुणिले t वर्ग एवढंच गणित. (हवेचा रोध वगैरे सोडून द्या, एवढ्या उंचीवर साध्या चेंडूला तो दिसत नाही.) मग प्रत्येक टप्प्याला वर जायला लागणारा वेळ आधीच्या पाऊणपट धरला. 12 चे 9, 9 चे 6.75 म्हणजे 7, मग 5, 4, 3 आणि 2. पूर्णांकच ठेवले, कारण चेंडू जमिनीला फ्रेमवरच टेकला पाहिजे. टेकण्याचा क्षण 30 आणि 31 च्या मध्ये पडला तर जमिनीला लागलेला चेंडू कोणत्याच फ्रेममध्ये दिसत नाही, 30 वर थोडा वर आणि 31 वर परत थोडा वर, आणि बघणाऱ्याला नक्की काय चुकलंय ते सांगता येत नाही पण टप्पा पोकळ वाटतो. पुढे कधी टायमिंग बदलायला सगळ्या की एकत्र निवडून स्केल केल्या तर हमखास असं होतं, तेव्हा ग्राफ एडिटरमध्ये Shift+S मधलं `Selection to Nearest Frame` लगेच मारून घ्यायचं.

आता उंची. ती वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे वेगळं काही शोधायला लागत नाही. 9 फ्रेमचा टप्पा म्हणजे 1.226 गुणिले 9 भागिले 12 चा वर्ग, आलं 0.69 मीटर. 7 फ्रेमला 0.417, 5 ला 0.213, 4 ला 0.136, 3 ला 0.077 आणि 2 ला 0.034. बघा, वेळ पाऊणपट होतो तेव्हा उंची जवळजवळ निम्म्याला येते, आणि इथेच हाताने केलेल्या चेंडूंमध्ये घोळ असतो. उंची व्यवस्थित कमी केलेली असते पण मधल्या फ्रेम त्याच ठेवलेल्या असतात किंवा उंचीच्याच प्रमाणात कापलेल्या असतात, मग नंतरचे टप्पे एकतर तरंगतात नाहीतर थरथरतात.

टाइमलाइन अशी झाली. फ्रेम 1 ला वर, 13 ला जमीन, 22 ला वर, 31 ला जमीन, 38 ला वर, 45 ला जमीन, आणि असंच करत 73 ला शेवटचं टेकणं. एकूण तीन सेकंद. 2 फ्रेमच्या टप्प्यानंतर अजून एक फ्रेमचा टप्पा गणिताने निघतो, जेमतेम नऊ मिलिमीटरचा, तो मी टाकून बघितला आणि काढून टाकला, कारण एक फ्रेम वर एक फ्रेम खाली हे डोळ्याला टप्पा म्हणून दिसतच नाही, रेंडरमध्ये काहीतरी बिघडल्यासारखं दिसतं.

मग हँडल. वर फेकलेल्या वस्तूचा उंची विरुद्ध वेळ ग्राफ म्हणजे पॅराबोला, आणि बेझियर कर्व्हला हुबेहूब पॅराबोला होता येतं, त्याला फक्त हँडल बरोबर जागी लागतात. जागा अशी: जमिनीवरच्या कीचं हँडल वेळेत एक तृतीयांश अंतरावर आणि उंचीत दोन तृतीयांशावर. वरच्या कीचं हँडल पूर्ण आडवं आणि तेही वेळेत एक तृतीयांश लांब. बस, एवढंच. पहिल्या पडण्यात 12 फ्रेम आहेत, तर वरच्या कीचं उजवं हँडल फ्रेम 5 वर, किंमत 1.226, आणि जमिनीच्या कीचं डावं हँडल फ्रेम 9 वर, किंमत 0.817. त्याच जमिनीच्या कीचं उजवं हँडल पुढच्या टप्प्याचं आहे, 9 फ्रेमचा तिसरा भाग 3 म्हणून फ्रेम 16, आणि 0.69 चे दोन तृतीयांश म्हणजे 0.46. हे आकडे माउसने साधत बसायची गरज नाही, ग्राफ एडिटरमध्ये N दाबून बाजूचं पॅनेल उघडा, `F-Curve` टॅबमध्ये निवडलेल्या कीच्या दोन्ही हँडलची फ्रेम आणि किंमत टाइप करता येते. कंटाळवाणं काम आहे, सात टप्प्यांचं सगळं भरायला बसलं की मान दुखते, पण एकदा भरलं की परत हात लावायला लागत नाही.

भरताना लक्षात येतं की V चे दोन पाय सारखे उभे नाहीत. फ्रेम 13 ला डावा पाय दर फ्रेमला 0.204 मीटर उतरतोय आणि उजवा दर फ्रेमला 0.153 चढतोय, म्हणजे बरोबर पाऊणपट. टेकताना जेवढा वेग गेला तेवढा इथे सरळ डोळ्यांना दिसतो. म्हणूनच या कीला `Aligned` हँडल चालतच नाही, ते दोन्ही बाजू एका रेषेत ठेवायचा हट्ट करतं. आणि दोन्ही पाय आरशातल्यासारखे सारखे ठेवले तर चेंडू पडला त्याच वेगाने उसळतो पण वर पोचतो मात्र निम्म्यावर, मध्येच कुणीतरी त्याला ब्रेक लावल्यासारखं.

बरोबर झालंय का ते तपासायच्या दोन गोष्टी मी करतो. एक म्हणजे अर्ध्या वेळेवर जाऊन बघायचं. फ्रेम 7 वर पडायचा वेळ निम्मा संपलेला असतो पण चेंडू फक्त एक चतुर्थांश उतरलेला पाहिजे, म्हणजे Z ची किंमत 0.92 च्या आसपास. माझी 0.9195 आली. उरलेलं तीन चतुर्थांश अंतर पुढच्या सहा फ्रेममध्ये कापलं जातं आणि एकट्या शेवटच्या फ्रेममध्ये जवळजवळ 20 सेंटीमीटर. दुसरी तपासणी आकड्यांशिवायची आहे. ग्राफमध्ये सगळ्या टप्प्यांच्या शेंड्यांची गोलाई सारखीच दिसली पाहिजे, कारण गुरुत्वाकर्षण एकच आहे, छोटा टप्पा हा मोठ्या टप्प्याचा वरचा कापलेला तुकडाच असतो. एखादा शेंडा जास्त टोकदार किंवा जास्त सपाट दिसला की त्या टप्प्याच्या फ्रेम आणि उंचीचं जमलेलं नाही. ग्राफ एडिटर उभा-आडवा वेगवेगळा ताणता येतो त्यामुळे एका शेंड्यावर झूम करून निर्णय घेऊ नका, सगळे एकत्र एकाच झूमवर बघा, आणि `Normalize` चालू असेल तर बंद करा म्हणजे खऱ्या किमती दिसतील.

अर्थात हुबेहूब पॅराबोला हे काही देवाचं वाक्य नाही. वरचं आडवं हँडल तिसऱ्या भागापेक्षा लांब केलं की चेंडू वर जास्त रेंगाळतो, कार्टून छाप हँगटाइम मिळतो, आखूड केलं की घाई येते. पहिल्या शेंड्याला मी ते नंतर मुद्दाम थोडं लांब केलं, 4 फ्रेमऐवजी 5, कारण शॉट तिथूनच सुरू होतो आणि बघणाऱ्याला चेंडू ओळखायला क्षणभर मिळतो. बाकीच्यांना हात लावला नाही. कुठून किती ढळलोय ते माहीत असलं की असं ढळायला मजा येते.

मधेच एक सांगतो. ग्राफ एडिटरमध्ये T दाबलं की इंटरपोलेशनची यादी येते आणि त्यात चक्क `Bounce` असा पर्याय आहे. दोन की टाका, ते निवडा, टप्पे आपोआप. मोहात पाडणारी गोष्ट आहे आणि लोगो किंवा यूआयमधलं बटण हलवायला ठीकच आहे. पण त्यातले टप्पे आधीपासून ठरलेले आहेत. प्रत्येक टप्पा आधीच्या एक चतुर्थांश उंचीचा आणि असे तीनच, की मग संपलं. शिवाय टेकायच्या जागी की नसतातच, त्या कुठल्या फ्रेमवर येतील ते तुमच्या दोन कींच्या अंतरावर अवलंबून, मग स्क्वॉश, म्हणजे टेकताना चेंडूचं चपटं होणं, कशाला धरून लावणार.

स्क्वॉश-स्ट्रेचकडे वळताना आधी रिगचं बोलायला लागेल, कारण इथे शॉर्टकट मारला तर नंतर सगळं उसवायला लागतं. चेंडू हा एकच ऑब्जेक्ट ठेवून त्यालाच लोकेशन, स्केल आणि रोटेशन तिन्हीच्या की दिल्या तर चेंडू फिरायला लागल्यावर चपटेपणाही त्याच्याबरोबर फिरतो, कारण स्केल त्याच्या स्वतःच्या अक्षांवर लागतो. पाव वळसा झालेला चेंडू जमिनीला टेकताना आडवा चपटा व्हायच्या ऐवजी उभा चपटा होतो. म्हणून तीन थर केले. सगळ्यात बाहेर एक एम्प्टी, म्हणजे रेंडरमध्ये न दिसणारा रिकामा ऑब्जेक्ट, ती फक्त सरकते. तिच्या आत दुसरी एम्प्टी, ती फक्त चपटी होते आणि कलते. आणि तिच्या आत चेंडू, तो फक्त फिरतो. दोन्ही एम्प्टींचा मध्यबिंदू चेंडूच्या तळाशी, जिथे तो जमिनीला टेकतो तिथे. हे महत्त्वाचं आहे कारण स्केल त्या बिंदूभोवती होतो. तो चेंडूच्या मधोमध असेल तर चपटा होताना चेंडूचा तळ जमिनीपासून वर उचलला जातो आणि दर टप्प्याला Z ची किंमत हाताने भरून काढत बसावं लागतं. तळाशी ठेवला की Z शून्य म्हणजे टेकलेला, विषय संपला.

आकारमान टिकवायचं हे सगळ्यांना माहीत असतं, उंची कमी झाली की रुंदी वाढली पाहिजे. पण किती? रुंदी दोन दिशांना वाढते, म्हणून उंची s पट झाली तर रुंदी एक भागिले s चं वर्गमूळ. उंची 0.75 ला रुंदी 1.155 येते, 1.25 नाही. 1.25 ठेवलं तर चेंडू टेकताना फुगल्यासारखा दिसतो, आणि स्थिर फ्रेममध्ये ते कळत नाही, चालू असताना कळतं. दर वेळी कॅल्क्युलेटर नको म्हणून मधल्या एम्प्टीला `squash` नावाची कस्टम प्रॉपर्टी केली, सुरुवातीची किंमत 1.0, आणि तिन्ही स्केलना ड्रायव्हर लावले. ड्रायव्हरमधल्या व्हेरिएबलचं नाव s.

```
Scale Z:  s
Scale X:  1/sqrt(s)
Scale Y:  1/sqrt(s)
```

आता अ‍ॅनिमेट करायला एकच कर्व्ह उरला. प्रॉपर्टीची कमाल मर्यादा मात्र तपासा, नवीन प्रॉपर्टीची रेंज 0 ते 1 असू शकते आणि मग स्ट्रेच द्यायला गेलं की किंमत 1 च्या वर जातच नाही.

पहिल्या टप्प्याच्या की अशा लावल्या. फ्रेम 1 ला 1.0, फ्रेम 7 ला पण 1.0, फ्रेम 12 ला 1.2, फ्रेम 13 ला 0.75, फ्रेम 14 ला परत थोडा कमी 1.15, आणि फ्रेम 18 पासून पुन्हा 1.0. म्हणजे टेकायच्या आधीच्या एका फ्रेमला सगळ्यात लांब, टेकला त्या फ्रेमला सगळ्यात चपटा, सुटल्यावर परत लांब आणि वर पोचायच्या बराच आधी गोल. शेंड्यावर चेंडू गोल असलाच पाहिजे, तिथे त्याला वेगच नाही मग ताण कसला. 12 आणि 13 मध्ये एकच फ्रेमचं अंतर आहे तेव्हा तिथला कर्व्ह कसाही असला तरी फरक पडत नाही, मधे दिसायला काही नाहीच. फ्रेम 7 मात्र बघा. तिथलं हँडल `Automatic` असेल तर ते शेजारच्या दोन कींच्या उतारावर कलतं, आणि मग 1 ते 7 च्या मध्ये किंमत 1 च्या खाली थोडीशी बुडी मारते. चेंडू हवेत असतानाच, कशालाही न लागता, हलकासा चपटा होतो आणि मग ताणला जातो. फार बारीक असतं पण प्ले करताना चेंडूने श्वास घेतल्यासारखं वाटतं. त्या कीचं हँडल आडवं करून टाकलं की झालं.

किती स्ट्रेच हा प्रश्न माझ्या मते लोक उलटा सोडवतात, आधी ठरवतात की रबरी दिसायला हवा आणि मग ताणतात. स्ट्रेचचं एक काम अगदी व्यावहारिक आहे. चेंडू इतका वेगात असेल की एका फ्रेममधला चेंडू आणि पुढच्या फ्रेममधला चेंडू यांच्यात मोकळी जागा पडत असेल तर डोळ्याला सलग हालचाल न दिसता ठिपके ठिपके दिसतात, तिथे चेंडू ताणून ती जागा भरायची. माझा चेंडू 24 सेंटीमीटर व्यासाचा आणि सगळ्यात जोराच्या फ्रेममध्ये तो 20 सेंटीमीटर सरकतोय, म्हणजे जागा पडतच नाही, चार सेंटीमीटर एकमेकांवर चढलेलेच आहेत. त्यामुळे 1.2 ही माझी चैन होती, गरज नव्हती. हाच चेंडू टेनिस बॉलएवढा असता तर तेवढ्याच पडण्यात तो आपल्या व्यासाच्या तिप्पट अंतर एका फ्रेममध्ये कापतो, तिथे 1.2 ने काय होणार, तिथे मोशन ब्लरच लावावा.

पुढच्या टप्प्यांना स्क्वॉश किती हे ठरवायला मी परत फ्रेमच धरल्या. टेकतानाचा वेग फ्रेमच्या संख्येच्या प्रमाणात असतो, उंचीच्या नाही, तेव्हा 12 फ्रेमच्या पडण्याला 25 टक्के चपटा तर 9 ला 19 टक्के, 7 ला 15, 5 ला 10, 4 ला 8, 3 ला 6 आणि मग शून्य. स्ट्रेच तर 7 नंतर बंदच केला. सगळ्या टप्प्यांना तोच स्क्वॉश कॉपी-पेस्ट केला की शेवटचे दोन-तीन इवलेसे टप्पे सुद्धा धाडकन चपटे होतात, तीन सेंटीमीटरवरून पडलेला चेंडू एक चतुर्थांश दबतो, आणि मग तो चेंडू न वाटता जेली वाटते.

हे सगळं जागच्या जागी उसळणाऱ्या चेंडूवर झालं, पुढे सरकवायचं बाकी होतं. X साठी मी की सगळ्या पुसून फक्त दोन ठेवल्या, फ्रेम 1 ला शून्य आणि फ्रेम 73 ला 3 मीटर, आणि T दाबून `Linear`. लोकेशनला की टाकताना ब्लेंडर X, Y, Z तिघांनाही एकदम की टाकतो, त्यामुळे X वर प्रत्येक शेंड्याला आणि प्रत्येक टेकण्याला नको असलेल्या की बसलेल्या असतात, आणि एखादी जरा इकडची तिकडे असली की चेंडू हवेत मधेच अडखळतो. हवेत असताना पुढे जायचा वेग बदलायचं काही कारणच नाही. खरं तर प्रत्येक टेकण्याला घर्षणाने थोडा वेग जायला पाहिजे, तेवढा बारकावा मी सोडून दिला, कॅमेऱ्यातून फरक दिसत नव्हता.

पुढे सरकायला लागल्यावर स्ट्रेच उभा ठेवून चालत नाही, तो जायच्या दिशेला कलला पाहिजे. X मध्ये दर फ्रेमला साधारण 0.042 मीटर आणि खाली 0.204, म्हणजे उभ्यापासून अकरा-बारा अंश. फ्रेम 12 ला मधली एम्प्टी मागे कलवली, म्हणजे चेंडूचं वरचं टोक मागे राहिलेलं, 13 ला सरळ, आणि 14 ला पुढे. 13 ला शून्यच पाहिजे, नाहीतर चपटा झालेला चेंडू एका कडेवर उभा राहतो आणि दुसरी कड जमिनीत घुसते. उसळतानाचा उभा वेग कमी असतो म्हणून 14 चा कल थोडा जास्त, पंधरा अंश ठेवला. नंतरच्या टप्प्यांचा मार्ग अजून आडवा होत जातो, पाच फ्रेमच्या टप्प्याला तो सव्वीस अंशापर्यंत जातो, पण तिथे स्ट्रेचच नाही तर कलवणार काय.

एका मित्राला हा टप्पा दाखवला, तो हाताने कागदावर अ‍ॅनिमेशन करणारा माणूस, कर्व्ह वगैरे त्याला बघायचेच नव्हते. त्याने तीनदा प्ले केलं आणि म्हणाला, "उसळतोय मस्त रे, पण शेवटी तो थांबत नाहीये, तू त्याला थांबवतोयस." बरोबर होतं. 73 ला X ची रेघ संपत होती, तेवढ्या वेगाने जाणारा चेंडू एका फ्रेममध्ये जागच्या जागी खिळत होता.

तिथून पुढे घरंगळणं जोडलं. सारखं घर्षण असेल तर वेग सरळ रेषेत कमी होतो, आणि म्हणजे अंतराचा ग्राफ परत पॅराबोलाच, तेव्हा तोच तिसऱ्या भागाचा नियम इथेही चालतो. 40 फ्रेम घरंगळायला दिल्या. सुरुवातीचा वेग 0.042, सरासरी त्याच्या निम्मा, म्हणून अंतर 0.833 मीटर, शेवटची की फ्रेम 113 ला 3.833 वर. 73 च्या कीपासून पुढचं इंटरपोलेशन बेझियर, तिचं उजवं हँडल आधीच्या सरळ रेषेच्याच उतारावर आणि 13 फ्रेमपेक्षा किंचित लांब, शेवटच्या कीचं डावं हँडल आडवं आणि तेवढंच लांब. उतार जुळला की 73 ला रेघ आणि कर्व्ह यांच्यात कोपरा दिसत नाही, आणि कोपरा दिसत नसेल तर प्ले करताना झटकाही बसत नाही. इथे अंतर आधी ठरवून फ्रेम नंतर कोंबल्या तर उतार जुळत नाही, चेंडू घरंगळायला लागताना एकतर अचानक वेग घेतो किंवा अचानक मंदावतो.

फिरणं आता फुकटात मिळतं. न घसरता घरंगळणारा चेंडू जेवढं अंतर जातो त्याला त्रिज्येने भागलं की कोन रेडियनमध्ये येतो. चेंडूच्या Y रोटेशनला ड्रायव्हर, व्हेरिएबल बाहेरच्या एम्प्टीचा X:

```
x / 0.12
```

शेवटच्या 0.833 मीटरमध्ये तो साधारण 398 अंश फिरतो, एक पूर्ण वळसा आणि वर थोडं. चेंडू एकरंगी असेल तर हे सगळं कुणाला दिसणारच नाही, म्हणून त्यावर एक जाड पट्टा रंगवला. पट्टा आल्याबरोबर अजून एक गोष्ट दिसली, पहिल्या पडण्यातही चेंडू फिरत होता, जमिनीला लागायच्या आधीच. हातातून नुसता सोडलेला चेंडू असा फिरत नाही, जमिनीला लागल्यावर घर्षणाने त्याला फिरकी मिळते. म्हणून ड्रायव्हरमध्ये फ्रेम 13 पर्यंतचं अंतर वजा केलं, 12 फ्रेम गुणिले 0.0417 म्हणजे 0.5, आणि त्याच्या खाली शून्य:

```
max(0, x - 0.5) / 0.12
```

मित्राला परत पाठवलं तर त्याने लगेच पुढची फर्माईश केली, "आता हाच लोखंडी करून दाखव." नवशिक्यांचा पहिला विचार असतो की जड चेंडू जोरात पडेल म्हणून 12 चे 8 करून टाकू. पण पडायला तेवढाच वेळ लागतो, 1.226 मीटरला 12 फ्रेमच, लोखंड असो की रबर. 8 फ्रेम केल्या तर चेंडू जड न दिसता अख्खा सेटच छोटा दिसतो, कारण पडायच्या वेळेवरून डोळा उंची ठरवतो. त्याच हिशोबाने पडायला 24 फ्रेम दिल्या तर तो 4.9 मीटरवरून पडणारा चेंडू झाला, आणि कॅमेऱ्यात उंची तेवढीच दिसत असेल तर चेंडू आपोआप चौपट मोठा वाटतो. जडपणा टेकल्यानंतरच्या फ्रेममध्ये असतो. तेव्हा पहिलं पडणं तसंच ठेवून पुढचे टप्पे 9, 7, 5, 4 च्या ऐवजी 3 आणि 1 केले, `squash` चा अख्खा कर्व्ह 1.0 वर सपाट केला, आणि उंची त्याच सूत्राने, 3 फ्रेमला 0.077. इथे एक फ्रेमचा टप्पा मात्र ठेवला, रबरी चेंडूत जो दोष वाटत होता तो लोखंडात खणखणीत वाटतो. X चा उतार पहिल्याच टेकण्याला निम्मा केला, ड्रायव्हर तोच ठेवला, आणि घरंगळायला 40 ऐवजी 90 फ्रेम दिल्या, कारण कडक लोखंडी चेंडू फारसा दबत नाही आणि घरंगळत राहतो. पाठवलाय त्याला, अजून उत्तर आलेलं नाही.